परदेशी देणगी: एक दार आणि त्यामागची खाती

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



‘परदेशातून आलेला पैसा म्हणजे परदेशी देणगी’ असं आपण धरून चालतो. कायदा तसं म्हणत नाही. पैसा कुठून आला यापेक्षा तो कोणाचा आहे, हे तो पाहतो.

समजा, जिल्ह्याच्या गावातल्या एका ट्रस्टला तीन देणग्या आल्या. दुबईत नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या भाच्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत वीस हजार पाठवले. अमेरिकन नागरिक झालेल्या मैत्रिणीने सुट्टीत इथे येऊन पन्नास हजारांचा रुपयांतला चेक दिला. जर्मनीतल्या संस्थेने पाच लाख देऊ केले. यातली भाच्याची देणगी परदेशी नाही, ती नेहमीच्या खात्यात जाते. पासपोर्टची प्रत मात्र फाईलला लावून ठेवावी. मैत्रिणीचा चेक इथेच, रुपयांत मिळाला तरी परदेशी देणगीच ठरतो.

म्हणजे उरलेल्या दोन्ही देणग्यांसाठी २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा त्या देणगीपुरती पूर्वपरवानगी हवी. ‘रक्कम लहान आहे’ ही सबब चालत नाही. दोन्ही नसेल, तर चेक परत करावा.

नोंदणी असली तरी पैसा कुठेही घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच उतरला पाहिजे. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. जवळच्या स्टेट बँक शाखेतून कागदपत्रं देता येतात. तिथून रक्कम आपल्या गावच्या बँकेतल्या खर्चाच्या एफसीआरए खात्यात आणता येते. ते खातं उघडल्याचं ४५ दिवसांत मंत्रालयाला कळवायचं. भाच्याचे वीस हजार, सभासदांची वर्गणी, पापड विक्रीचे पैसे या दोन्ही खात्यांत कधीही भरायचे नाहीत. चूक झाली का, हे पासबुकावरूनच कळतं: प्रत्येक जमा रकमेसमोर परदेशी देणगीदाराचं नाव, व्याज किंवा दिल्लीहून आलेली रक्कम, यांपैकी एक लिहिता आलं पाहिजे. व्याजही परदेशी देणगीतच मोजतात.

सगळ्यात जास्त झळ बसते ती पुढच्या गोष्टीची. पूर्वी मोठी संस्था नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेला यातला वाटा देऊ शकत असे. २०२० पासून तेही बंद झालं. म्हणून जर्मनीच्या पाच लाखांतून तालुक्यातल्या महिला मंडळाला पन्नास हजारांचं अनुदान देता येणार नाही. त्या गावात ट्रस्टने स्वतः सल्ला केंद्र चालवावं, भाडं घरमालकाला आणि पगार कार्यकर्तीला थेट द्यावा, पावत्या ट्रस्टच्या नावाने घ्याव्यात. पण त्या मंडळाचा स्वतःचा निर्णय आणि स्वतःची वही यात राहत नाही. म्हणून मंडळाला द्यायचे पैसे इथल्याच वर्गणीतून उभे करावे लागतात, आणि करार करतानाच जर्मनीच्या संस्थेला तसं स्पष्ट सांगावं लागतं.