कडी कुठे बसवायची

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मणक्याला मार लागलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेणं हे माझं काम. आज मात्र व्यायामाचं बोलणार नाही. व्यायाम आटोपला, मी चप्पल घालायला लागले की दाराशी दबक्या आवाजात जे विचारलं जातं, त्याबद्दल बोलणार आहे.

पारोळा तालुक्यातलं एक घर सांगते. नावं सांगणार नाही, खुणाही थोड्या बदलल्या आहेत. नवरा तिशीतला. ट्रकमध्ये कापूस भरताना वर उभा राहून तुडवत होता, तोल जाऊन पाठीवर पडला. बेंबीच्या रेषेपासून खाली ना हालचाल, ना स्पर्श. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. दवाखान्यातून घरी येऊन पाच महिने झाले होते. एके दिवशी त्याने आईला काहीतरी निमित्त काढून शेजारी पाठवलं आणि मला अहिराणीत विचारलं, "ताई, आते काय राह्यनं?" मला वाटलं कामाचं, पैशाचं विचारतोय. पण तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. आत बायको भाकरी थापत होती.

घरी सोडताना दवाखान्याने त्यांना बरंच शिकवलं होतं. दर दोन तासांनी कूस बदला, लघवीची नळी स्वच्छ ठेवा, टाचा आणि माकडहाड रोज बघा. नवराबायकोच्या संबंधांबद्दल मात्र एक वाक्य नाही. यांनी विचारलं नाही आणि तिकडून कोणी सांगितलं नाही. गप्प बसलेल्या माणसाला काही नकोच असेल, असं दोन्ही बाजूंनी धरलं गेलं.

हे धरून चालणं फक्त मणक्याच्या रुग्णांच्या वाट्याला येत नाही. धुळ्यात पोलिओ झालेल्या एका बाईंच्या जावेने मला अगदी मायेने सांगितलं होतं, "तिला कुठे तसलं काही कळतं!" आता पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो, स्पर्श वाहून नेणाऱ्या नसांना तो हात लावत नाही. त्या बाईंच्या बारीक झालेल्या पायावर माशी बसली तरी त्यांना कळते. कॅलिपर लावून त्या चालतात, आणि बाकी सगळं त्यांना जावेइतकंच कळतं.

गंमत अशी, की ज्यांना इच्छाच नसते असं म्हणायचं, त्यांच्याच शरीराची समाजाला धास्तीही वाटते. १९९४ साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिलं गेलं. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. आज दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं दहावं कलम सांगतं, की दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून उमजून दिलेल्या संमतीशिवाय तिला वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. त्याच कलमात प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची माहिती मिळण्याचा हक्कही आहे. म्हणजे पारोळ्याच्या त्या प्रश्नाला उत्तर मिळणं हा त्याचा हक्कच होता.

तर उत्तर काय? मी त्याला आधी विचारलं, आंघोळ घालताना किंवा नळी बदलताना कधी ताठरता येते का? तो लाजला, मग म्हणाला, येते, पण मला कळत नाही, बायको सांगते. आणि मनात कितीही आणलं तरी येत नाही. हे ऐकून मला त्याची दुखापत नेमकी समजली. पुरुषाला ताठरता दोन वाटांनी येते. एक वाट मनातून, मेंदूकडून खाली. ती छातीच्या शेवटच्या आणि कमरेच्या वरच्या भागातल्या नसांतून जाते. दुसरी स्पर्शाची, तिचं केंद्र मज्जारज्जूच्या अगदी तळाशी आहे आणि तिला मेंदूला विचारावं लागत नाही. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसंच ते. याची दुखापत दोन्ही केंद्रांच्या वर होती. म्हणून मनाचा निरोप अडला होता, खालचं केंद्र मात्र शाबूत होतं. मार अगदी खाली, शेपटीच्या बाजूला लागला असता तर चित्र उलटं झालं असतं. दुखापत अर्धवट असली तर यातलं बरंच बदलतं, त्यामुळे डॉक्टरांनी तपासूनच सांगायचं. आणि पहिल्या काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, मज्जारज्जू धक्क्यात असतो, कोणतीच प्रतिक्रिया देत नाही. तेव्हाचं "काही होत नाही" हे शेवटचं उत्तर नसतं.

ताठरता टिकत नसेल तर सिल्डेनाफिलची गोळी अनेकांना लागू पडते. ती डॉक्टरांच्याच चिठ्ठीने घ्यायची, कारण हृदयासाठी नायट्रेटचं औषध चालू असेल तर ही गोळी जिवावर बेतू शकते. बसस्टँडच्या भिंतीवर रंगवलेल्या पत्त्यावर जाऊन पुड्या आणू नका, हे मी त्यालाही सांगितलं होतं. तो आधीच दोन हजारांच्या पुड्या आणून बसला होता.

मुलाचं म्हणाल तर वीर्य आपोआप बाहेर येणं अशा दुखापतीत बहुतेकांना जमत नाही. मोठ्या रुग्णालयात कंपन देणाऱ्या यंत्राने किंवा विजेच्या सौम्य उत्तेजनाने ते मिळवता येतं. वीर्याचा दर्जा घटलेला असू शकतो, म्हणून सल्ला लवकर घ्यावा. स्त्रीला मणक्याची दुखापत झाली तर गोष्ट निराळी. तिची पाळी बहुधा काही महिन्यांत पुन्हा सुरू होते आणि दिवस राहण्याची शक्यता पहिल्यासारखीच असते. तिला काही कळत नाही म्हणून काळजी नको, असं समजणाऱ्या घरात नको असलेलं गरोदरपण येतं, आणि वरच्या दुखापतीत बाळंतपणाच्या कळाही ओळखू येत नाहीत. गर्भनिरोधक गोळ्यांनी पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तेव्हा साधन डॉक्टरांशी बोलून निवडायचं.

पण त्या घरातली खरी अडचण नसांची नव्हतीच. पुढच्या आठवड्यात मी बायकोशी एकटीशी बोलले. तिला वाटत होतं, त्याला काही नको आहे, आपण विषय काढला तर त्याला लागेल. त्याला वाटत होतं, ती दिवसभर आपली घाण काढते, तिला आपली किळस येत असणार. दोघं एकमेकांना जपत होते आणि पाच महिने एकमेकांना हात लावायचा तो फक्त कूस बदलायला.

मग दोघांना समोरासमोर बसवलं, दुपारी, अंथरुणापासून लांब. हे बोलणं रात्री, त्याच वेळी काढलं की प्रत्येक वाक्य मागणी किंवा नकार वाटायला लागतं. बोलायची रीत एकच सांगितली: "तुम्ही असं करत नाही" असं म्हणायचं नाही, "मला अमुक हवं, मला अमुक नको" असं म्हणायचं. बराच वेळ दोघंही गप्प. मग ती म्हणाली, "अहो, मला एक तास तरी नर्स नसायचंय." तिचं म्हणणं साधं होतं. ज्या हातांनी संध्याकाळी शौचाचं आवरायचं, त्याच हातांनी तासाभरात जवळ यायचं, हे तिला जमत नव्हतं. ते काम धाकट्या दिराने घेतलं. मला विचाराल तर कुठल्याही गोळीपेक्षा त्या घरात याचा गुण जास्त आला.

त्याची भीती होती अंथरूण ओलं होण्याची. त्यावर उपाय आहेत. आधी दोन तास पाणी बेताने प्यायचं आणि जवळ येण्याच्या अगदी आधी लघवी काढून टाकायची. नळी कायमची असेल तर पुरुषाने ती दुमडून वरून निरोध चढवायचा, स्त्रीने मांडीकडे वळवून चिकटपट्टीने धरायची. खाली जाड टॉवेल. इतकं करूनही कधी ओलं होईल, तेव्हा काय म्हणायचं तेही आधीच ठरवा. या दोघांनी ठरवलं होतं, "होऊ दे." नंतर कुल्ला, माकडहाड, गुडघे आरशात बघायचे, लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर भार द्यायचा नाही.

आणि मग मी त्यांना एक गृहपाठ दिला. त्याने डोळे मिटायचे, तिने एका बोटाने कपाळापासून खाली यायचं. त्याने तीनच शब्द बोलायचे: कळतं, पुसट, नाही. पुढे काही करायचं नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी डोळे तिने मिटायचे, बोट त्याने फिरवायचं. याला आम्ही शरीराचा नकाशा म्हणतो. स्पर्श जिथे संपतो तिथल्या पट्ट्यात, बेंबीच्या जरा वर, त्याला एकदम झिणझिणी आली. मान आणि कानामागची जागा तर आधीपेक्षा जास्त जागी झालेली. असं पुष्कळांच्या बाबतीत होतं. त्यांचा नकाशा काढून होईपर्यंत तीन रात्री गेल्या. तिला स्वतःबद्दलही काही कळलं, जे चार वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. तो नंतर मला म्हणाला, "ताई, मना हात तं चालतस ना."

एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. ज्यांची दुखापत छातीच्या मध्यापाशी किंवा त्याहून वर, मानेत आहे, त्यांना अशा वेळी अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, कपाळाला घाम असं झालं तर थांबायचं. रक्तदाब एकदम चढलेला असतो. उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी कुठे मुडपली आहे का बघायचं. उतरलं नाही तर दवाखाना गाठायचा आणि सिल्डेनाफिल घेतली असेल तर तिथे न लाजता सांगायचं, कारण हा दाब उतरवायला कधी नायट्रेटच देतात. याच लोकांना दुखापतीखाली घाम येत नाही, तेव्हा आपल्याकडच्या मे महिन्यात कूलर लावून, रात्र गार झाल्यावरच.

सगळ्यांनाच हे हवं असतं असंही नाही. कोणाला इच्छा कमी असते, कोणाला नसतेच, धडधाकट माणसांतही असते तसंच. "आज नको" याचा अर्थ "कधीच नको" धरू नका, आणि दिव्यांग बायकोने "नको" म्हटलं तर तिच्यावर उपकार केल्याची भाषा काढून तिला वाकवू नका.

पारोळ्याच्या घरात शेवटची अडचण राहिली होती खोलीची. अपघातानंतर त्याची खाट पुढच्या खोलीत आणली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला भेटता यावं म्हणून. आई रात्री तिथेच खाली झोपायची. सुनेने हे सासूला कसं सांगायचं? मीच सांगितलं, की रात्रीची कूस आता सूनबाई बदलेल, तुमची झोप होत नाही. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली, काही बोलली नाही. पुढच्या खेपेला गेले तेव्हा खाट मागच्या खोलीत होती आणि सुतार दाराला कडी ठोकत होता. कडी एवढी खाली का, असं त्याने विचारलं. म्हातारी शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "खुर्चीवर बशीसन त्याना हात पोचना पाह्यजे ना."