आवाज बिघडलेला नाही, फक्त घाईत आहे

घरात जपून ठेवलेलं एखादं ध्वनिमुद्रण संगणकावर उघडावं आणि आजीचा संथ, घोगरा आवाज कार्टूनमधल्या खारीसारखा चिरका होऊन पळू लागावा, असा प्रसंग अनेकांवर येतो. फाइल खराब झाली असं समजून माणसं ती पुसूनही टाकतात. म्हणून आज एवढंच सांगायचं आहे, की बहुतेक वेळा त्या फाइलमधला आवाज जसाच्या तसा शाबूत असतो.

असं का होतं? जुने मूकपट आठवा. सेकंदाला सोळा-अठरा चित्रं टिपलेली असत आणि पुढे ती चोवीसच्या वेगानं दाखवली गेली, म्हणून त्यातली माणसं दुडदुडत चालतात. डिजिटल आवाजाचंही तसंच आहे. यंत्र दर सेकंदाला आवाजाची हजारो मोजमापं घेतं. या संख्येला सॅम्पल रेट म्हणतात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीसाठी हा दर ४४,१०० आहे, तर व्हिडिओच्या कामात ४८,००० रूढ आहे. फाइलच्या सुरुवातीला हा दर लिहिलेला असतो. मुद्रण चालू असताना बॅटरी संपली, तर ही नोंद कधी कधी अपुरी राहते. मग फाइल कच्च्या स्वरूपात आत घ्यावी लागते आणि दर आपल्याला सांगावा लागतो. तो चुकला, की वेग आणि सूर दोन्ही एकदमच बदलतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, आजीच्या जात्यावरच्या ओव्या ४४,१०० दरानं मुद्रित केल्या आणि मुद्रण चाळीस मिनिटं चाललं, अशी वहीत नोंद आहे. संगणकावर मात्र त्याची लांबी ३६ मिनिटं ४५ सेकंद दिसते. चाळीस मिनिटांत १० कोटी ५८ लाख ४० हजार मोजमापं झाली. सेकंदाला ४८,००० या हिशेबानं ती वाजवली, तर बरोबर ३६ मिनिटं ४५ सेकंद लागतात. गुन्हेगार सापडला! सूरही हार्मोनियमच्या एका पट्टीहून जास्त, पण दोन पट्ट्यांहून कमी, इतका वर चढलेला असतो.

वहीत नोंद नसेल तर? आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. पंखा, ट्यूबलाइट, तारा यांची बारीक घरघर अनेक मुद्रणांत ५० वर किंवा तिच्या दुप्पट, १०० वर उतरते. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत Plot Spectrum उघडून शांत भाग तपासा. ही घरघर ५० ऐवजी साधारण ५४.४ वर दिसली, तर तीच गडबड समजावी.

उपाय सोपा आहे, पण नेमका करायला हवा. आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावर टिचकी मारली, की यादी उघडते. तिच्यातल्या Rate मध्ये 44100 Hz निवडा. मोजमापांना हात न लावता फक्त त्यांची वाचण्याची गती बदलते. लांबी लगेच चाळीस मिनिटांची होते आणि आवाज आपल्या जागी येतो. मग फाइल पुन्हा साठवा.

इथे दोन फसव्या वाटा आहेत. Resample हा शब्द तोच वाटतो, पण त्यानं नवी मोजमापं तयार होतात आणि वेग होता तसाच राहतो. Change Tempo नं वेग सुधारतो, पण सूर चढलेलाच राहतो.

आवाज बरोबर दुप्पट वेगानं पळत असेल, तर आणखी एक शक्यता तपासा. कच्ची फाइल आत घेताना एकाच वाहिनीचा आवाज स्टीरिओ म्हणून सांगितला, तर एकामागून एक असलेली मोजमापं डाव्या-उजव्या कानांत वाटली जातात आणि वेळ निम्मा होतो. तिथे Rate ला हात लावण्यापेक्षा फाइल पुन्हा आत घेऊन Mono निवडणं योग्य.

मर्यादाही सांगायला हवी. जुन्या कॅसेटवरून आवाज उतरवला असेल आणि प्लेअरची मोटरच कमी-जास्त वेगानं फिरत असेल, तर फरक अशा ठरलेल्या आकड्यांत बसत नाही, तो शेकड्याला दोन-तीन असा काहीही असतो. वेग मध्येच बदलत असेल, तर एका आकड्यानं काम भागणार नाही. पण आधी खरी लांबी भागिले दिसणारी लांबी, एवढा भागाकार कागदावर करा. उत्तर १.०८८ किंवा २ च्या आसपास आलं, तर आजीचा आवाज तुमच्या हाताशीच आहे. आणि आवाज उलट जाडा, रेंगाळलेला येत असेल, तर हाच भागाकार ०.९१९ किंवा अर्धा येईल. उपाय मात्र तोच.