ओलं नाक, लसूण आणि हळद : कुत्र्याच्या घरगुती उपचारांची पारख



आपल्या बदनापूर तालुक्यात कुत्रा घराच्या दारात असतो त्याहून जास्त आखाड्यावर असतो. मोसंबीची बाग, शेळ्यांचा वाडा, पाण्याची मोटार, जिथे रात्री माणूस थांबत नाही तिथे तो थांबतो. तो मलूल दिसला की घरातलं कोणीतरी आधी त्याच्या नाकाला हात लावतं. नाक ओलं आणि गार लागलं की म्हणतात, काही नाही, होईल बरा. मग अंगावर गोचीड दिसला तर भाकरीत लसूण आणि जखम दिसली तर हळद. आज मी या तीन गोष्टींवरच बोलणार आहे, कारण गुरांच्या दवाखान्यात कुत्रा उशिरा येतो तो बहुतेक वेळा या तिघांमुळे येतो.

नाकापासून सुरुवात करू. कुत्र्याच्या नाकपुडीच्या आत एक ग्रंथी पाण्यासारखा स्राव सोडते आणि कुत्रा जिभेनं नाक सारखं चाटत असतो. त्या ओलाव्यात वासाचे कण अडकतात, म्हणून नाक ओलं असणं त्याच्या कामाचं आहे. ते गार का असतं, हे स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून पाहिलं. हवा ३० अंश सेल्सिअस असताना जाग्या कुत्र्याचं नाक साधारण २५ अंशांवर असतं, आणि कुत्रा झोपला की तेच नाक गरम होतं. म्हणजे नाकावरून हवा कशी आहे आणि कुत्रा जागा आहे की झोपेतून उठलाय एवढं कळतं. ताप कळत नाही. उन्हात पडून आलेल्या धडधाकट कुत्र्याचं नाक कोरडं असतं. डिस्टेंपर झालेल्या पिलाचं नाक ओलं असतं, पण ते शेंबडानं. आणि तोच आजार लांबला की नाकाची आणि पंजांची कातडी जाड, टणक होते.

ताप पाहायचा तर थर्मामीटर लागतो. माणसाचाच चालतो, फक्त तो कुत्र्यासाठी वेगळा ठेवायचा. टोकाला थोडं खोबरेल तेल लावून गुदद्वारात इंचभर सरकवायचा आणि एक मिनिट धरायचा. एकानं तोंड आणि मान सांभाळावी, दुसऱ्यानं शेपूट वर धरावी. निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट भरतं. आपल्यापेक्षा ते जास्तच असतं, म्हणून हाताला कुत्रा नेहमी गरम लागतो. शांत बसलेल्या कुत्र्याला १०३.५ च्या पुढे आकडा गेला तर तो ताप समजायचा.

आता एक कुत्रा डोळ्यांसमोर आणा. मोसंबीच्या बागेवर राखणीला असलेला, वजन १८ किलो, भादव्यातला. पाऊस उघडला की गोचीड वाढतात. याच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यांत ते दाटून बसले होते. घरच्यांनी ऐकलेलं, की लसूण खाऊ घातला की रक्ताला वास येतो आणि गोचीड गळून पडतात. रोज तीन-चार पाकळ्या ठेचून भाकरीत घातल्या. आठवडाभरानं तो जेवेनासा झाला, तरी नाक ओलंच होतं. दहाव्या दिवशी तो उठेना, तेव्हा त्याला गाडीत घालून आणलं. ताप १०४.२. नाक तेव्हाही गार आणि ओलं.

ओठ वर करून हिरड्या पाहिल्या तर पांढऱ्याफटक. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या आपल्या ओठांच्या आतल्या रंगासारख्या गुलाबी असतात, काहींच्या काळ्या असतात, त्यांच्या डोळ्याच्या खालच्या पापणीचा आतला भाग पाहायचा. या कुत्र्याच्या पोटावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके होते, दाबल्यावर न जाणारे. रक्त तपासलं तर तांबड्या पेशींचा भाग १०० मध्ये १७ निघाला. तो ३७ च्या वर हवा. रक्त गोठवणाऱ्या चपट्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, फारच कमी.

घरच्यांचा पहिला प्रश्न होता, लसणानं झालं का? याचं उत्तर नीट द्यायचं तर लसणाची चाचणी कशी झाली ते आधी सांगायला हवं.

आपल्याच गावच्या कृषी संशोधन केंद्रात तुरीचा नवा वाण तयार होतो, तेव्हा तो नुसता पेरून झाड चांगलं दिसतंय असं कोणी म्हणत नाही. शेजारच्या तुकड्यात आधीचा वाण लावतात, जमीन एक, पाऊस एक, आणि मग दोन्हींची पोती मोजतात. बीडीएन ७११ असाच शेतकऱ्यांपर्यंत आला. औषधाची पारखही अशीच व्हायला हवी. लसूण दिला आणि गोचीड गेले, एवढ्यानं काही ठरत नाही, कारण रक्त पिऊन फुगलेली मादी गोचीड आपणहून खाली पडतेच. लसूण न दिलेल्या कुत्र्याच्या अंगावरूनही ती तेवढ्याच दिवसांत पडते. शेजारचा तुकडा आपण पेरतच नाही.

कुत्र्यांवर असा तुकडा २००० साली जपानच्या होक्काइदो विद्यापीठात पेरला गेला. चार कुत्र्यांना सात दिवस लसणाचा अर्क दिला, चार कुत्र्यांना पाणी. अर्काचं प्रमाण कुत्र्याच्या दर किलो वजनाला ५ ग्रॅम ताज्या लसणाइतकं होतं. लसणातली गंधकाची संयुगं तांबड्या पेशीतल्या रक्तरंगाला, म्हणजे हिमोग्लोबिनला, जाळतात. जळलेला भाग पेशीच्या कडेला गाठीसारखा साचतो आणि शरीर अशा पेशी मोडून टाकतं. लसूण दिलेल्या चारही कुत्र्यांच्या तांबड्या पेशी घटल्या. आणि सगळ्यांत खाली कधी गेल्या? लसूण थांबवल्यानंतर, नवव्या ते अकराव्या दिवशी. कोणताही कुत्रा रक्तक्षयानं आजारी पडला नाही, तरीही संशोधकांनी लसूण कुत्र्याला देऊ नये असंच म्हटलं.

आता आपल्या १८ किलोच्या कुत्र्याचा हिशोब करू. होक्काइदोच्या प्रमाणात त्याला रोज ९० ग्रॅम लसूण लागेल, म्हणजे जवळपास दोन मोठे गड्डे. घरी मिळत होता साधारण १० ग्रॅम. म्हणजे नवव्या भागाएवढा. शिवाय लसूण प्लेटलेट अशा खाली पाडत नाही आणि १०४ ताप आणत नाही. तर उत्तर असं, की या कुत्र्याचा आजार लसणाचा नव्हता, गोचिडाचा होता. तांबूस रंगाचा कुत्र्याचा गोचीड एर्लिकिया नावाचे जंतू रक्तात सोडतो, ते पांढऱ्या पेशींत वाढतात आणि प्लेटलेट संपवतात. त्याला डॉक्सिसायक्लिन चालतं, किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे या कुत्र्याला रोज १८० मिलिग्रॅम, जेवणावर, वर भरपूर पाणी, आणि पूर्ण २८ दिवस. ताप दोन दिवसांत उतरला. लोक इथेच गोळी बंद करतात आणि महिन्यानं कुत्रा परत पडतो. हे औषध डॉक्टरनं तपासूनच द्यायचं, एवढं मी आवर्जून सांगतो.

मग लसूण निर्दोष का? नाही. जो कुत्रा गोचिडामुळे आधीच रक्तानं खंगलाय, त्यालाच आपण लसूण देतो. जिथे तांबड्या पेशी कमी पडल्यात तिथे थोडीसुद्धा मोडतोड परवडत नाही. कांदा तर याहून मोठा धोका. किलोला १५ ते ३० ग्रॅम कांद्यानं कुत्र्याचं रक्त बिघडतं, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे पुरे. शिजवल्यानं तो निवत नाही. लग्नाच्या पंगतीतला उरलेला रस्सा घमेल्यानं ओतला जातो, तेव्हा एवढा कांदा सहज पोटात जातो. पण माझ्या मते लसणानं या कुत्र्याचं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते त्याचे दहा दिवस खाऊन. रोज काहीतरी उपाय चालू होता, म्हणून दवाखाना आठवला नाही.

हळदीकडे मी जास्त आदरानं पाहतो. काचपात्रात हळदीतलं करक्युमिन अनेक जंतूंची वाढ रोखतं. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण तो खटला हे ज्ञान जुनं आहे एवढं सिद्ध करण्याचा होता, कुत्र्याची जखम हळदीनं किती भरते हे तिथे कोणी मोजलं नाही. सांधेदुखीच्या बाबतीत मात्र मोजलंय. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये लंगडणाऱ्या कुत्र्यांच्या एका गटाला हळदीचा अर्क आणि दुसऱ्याला दिसायला तसंच पण बिनऔषधी दिलं. कुणाला काय दिलं हे डॉक्टरांना आणि मालकांना माहीत नव्हतं. डॉक्टरांच्या नजरेला हळदीचे कुत्रे बरे वाटले. पण पाय किती जोरानं टेकतो हे मोजणाऱ्या पाटीवर दोन्ही गटांत ठोस फरक आला नाही. पोटातून घेतलेली हळद रक्तात फारच थोडी उतरते, हेही त्याचं एक कारण असावं.

जखमेवर हळद दाबली की वर पिवळी खपली धरते आणि आत किडे पडले असले तरी दिसत नाहीत. माशीनं घातलेली अंडी आपल्या उन्हात दिवसभरात फुटतात आणि अळ्या मांसात आत शिरतात. हळदीनं त्या मरत नाहीत. जखमेभोवतीचे केस कापायचे, भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवायची, आणि दुर्गंधी येत असेल किंवा भोकातून काही हलताना दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. फिनेल, रॉकेल ओतू नका, मांस जळतं. आणि जखम पिसाळलेल्या जनावराच्या चाव्याची असण्याची शंका असेल, माणसाची असो की कुत्र्याची, तर हळद-तिखट अजिबात भरायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायचं आणि लगेच लस.

गोचिडाचं काय करायचं, हा प्रश्न समोरून येणारच. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे असतात. बाकीचे भिंतीत असतात. पोट भरलेली मादी खाली पडून दगडमातीच्या भिंतीच्या फटीत शिरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. कुत्र्याच्या पोटातला लसूण त्या फटीपर्यंत पोचणार कसा? म्हणून फटी लिंपायच्या, कुत्रा झोपतो ती जागा, पोतं, बाजेचे सांधे साफ करायचे आणि डॉक्टर सांगतील ते औषध तिथेही फवारायचं. अंगावरचा गोचीड चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायचा, हातात चिरडायचा नाही. हल्ली दोन-तीन महिने काम करणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या परवडत असतील तर उत्तम. कपाशीवर मारायचं औषध मात्र कुत्र्याला चोळू नका. ते कातडीतून आत जातं, आणि लाळ गळून, झटके येऊन कुत्रा तासाभरात जातो.

आणि ज्यांनी आजच सकाळी लसूण किंवा कांद्याचा रस्सा घातलाय, त्यांनी काय पाहायचं ते सांगून थांबतो. आज संध्याकाळी कुत्रा बरा दिसेल. खूण उशिरा येते. पुढचे दहा-बारा दिवस रोज हिरड्या पाहा. लघवी चहासारखी किंवा लालसर झाली, हिरड्या फिकट किंवा पिवळसर झाल्या, थोडं पळूनही धाप लागली, तर त्याला दवाखान्यात आणा आणि काय घातलं, किती घातलं, कोणत्या दिवशी घातलं हे न लपवता सांगा. तिथे कोणी रागावणार नाही, पण त्या तीन उत्तरांवर पुढची तपासणी ठरते.