एका सोफ्यावर दोघे



मागच्या ईदला लेक आणि जावई घरी आले. त्या लग्नाला मी राजी नव्हतो, हे जावयाला ठाऊक होतं. शिरखुर्मा संपला की आम्ही दोघे सोफ्याच्या दोन टोकांना बसून टीव्ही बघायचो. मुलीने त्याचा प्लेस्टेशन जोडला आणि म्हणाली, 'दोघं मिळून खेळा काहीतरी.' तो मुरलेला खेळाडू, मी कॅरमच्या पुढे न गेलेला.

पहिल्यांदा लावला 'ओव्हरकुक्ड'. दोघांनी मिळून स्वयंपाकघर चालवायचं. तीन कांदे चिरून भांड्यात टाकायचे, सूप झालं की ताटलीत ओतून द्यायचं. सोपं वाटतं, पण वर घड्याळ पळत असतं, आणि भांडं चुलीवर राहिलं तर आग लागते. दोन मिनिटांत जावई 'कांदा! कांदा!' ओरडू लागला, मग ओशाळून गप्प झाला. सासऱ्याला हुकूम कसा द्यायचा? घड्याळाचा खेळ जाणत्याला मुकादम करतो, नवख्याला पोऱ्या.

मग 'इट टेक्स टू', २०२१ सालचा. घटस्फोटाला निघालेल्या नवरा-बायकोची गोष्ट, आणि दोघांशिवाय तो खेळताच येत नाही. गोष्ट मला भावली. अडलं अंगठ्यांपाशी. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि त्याच वेळी उजव्याने नजर फिरवायची. ज्यांचे हात यात तयार आहेत त्यांना ही अडचण दिसतसुद्धा नाही. माझी बाहुली कधी छताकडे बघे, कधी भिंतीकडे. 'इकडे या' म्हटलं तर 'इकडे' म्हणजे कुठे, तेच मला कळेना, कारण पडद्याचे दोन भाग, त्याचं वेगळं, माझं वेगळं.

तिसऱ्या दिवशी त्याने 'अनरॅव्हल टू' काढला, २०१८चा. लोकरीचे दोन छोटे जीव, एकाच धाग्याने बांधलेले. पडदा एकच, देखावा बाजूने दिसतो, नजर फिरवायची भानगड नाही. एक पुढे धावला तर धागा ताणतो आणि त्याला थांबावंच लागतं. उडी जमली नाही तर एक दुसऱ्याच्या अंगावर बसून जाऊ शकतो. मागे काही लागलं आणि पळायची वेळ आली, तेव्हा जावई संकोचत म्हणाला, 'अब्बा, माझ्यावर बसता का?'

मी बसलो. पण एक सांगतो, सगळा वेळ असं बसून राहिलं तर तो खेळ उरत नाही, बसचा प्रवास होतो. त्याला हे कळत होतं. पळापळ सरली की तो मला खाली उतरवी आणि पुढचं कोडं बघत गप्प राही, मला सुचेपर्यंत.

एका कड्यावरून तो खाली लोंबकळला. वर मी, मध्ये धागा. 'धरून ठेवा हं अब्बा,' म्हणाला. मी बटण इतकं घट्ट दाबलं की बोट दुखलं. तो झोका घेऊन पलीकडे पोचला, आणि आतून लेकीने चहा झाल्याची हाक मारली. आम्ही दोघेही 'थांब जरा' म्हणालो.