वायर म्हणजे तार नव्हे : पेपर मिलची पुस्तिका मराठीत करताना

मागच्या वेळी मी बोललो होतो, की आमच्या मिलमध्ये नव्या ट्रेनींसाठी मराठी पुस्तिका केली. ती कशी चुकली आणि मग कशी सुधारली, ते आज सांगतो.

पहिला मसुदा मीच केला. इंग्रजी पुस्तिका शेजारी आणि शब्दकोश मांडीवर. पल्प म्हणजे लगदा, हेडबॉक्स म्हणजे शीर्षपेटी, वायर सेक्शन म्हणजे तार विभाग. कॅलेंडरला तर टाईप करणाऱ्याने 'दिनदर्शिका' करून टाकलं होतं! ते हसून दुरुस्त केलं. पण बाकीच्या चुका हसण्यावारी नेण्यासारख्या नव्हत्या.

मसुदा चार मुलांना वाचायला दिला. त्यातला एक आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन आलेला. 'तार विभाग' वाचून त्याने विचारलं, "साहेब, ही तार किती व्होल्टची?" मुलाचं काहीच चुकलं नव्हतं. पेपर मशीनची वायर म्हणजे गोल फिरत राहणारी लांबरुंद जाळी. पूर्वी ती काशाच्या तारांची विणलेली असायची, म्हणून नाव वायर. आता ती पॉलिएस्टरच्या धाग्यांची असते. म्हणजे मी जो शब्द भाषांतरित केला, ती वस्तूच उरलेली नाही. मग लिहिलं : 'वायर – पाणी गाळणारी फिरती जाळी.' वायर हा शब्द ठेवला, कारण मशीनवर सगळे तोच ओरडतात.

लगदा शब्द चांगला, सगळ्यांना कळणारा. पण तोही फसवतो. लगदा म्हटलं की डोळ्यांसमोर घट्ट गोळा येतो. हेडबॉक्समधून वायरवर पडतं ते मात्र जवळजवळ पाणीच असतं. म्हणून पुस्तिकेत एक हिशोब टाकला. समजा शंभर किलो स्टॉकमध्ये एक किलो तंतू आहेत आणि नव्व्याण्णव किलो पाणी. वायरच्या शेवटी ओल्या कागदात साधारण वीस टक्के तंतू, म्हणजे एक किलो तंतूंमागे चार किलो पाणी उरतं. पंचाण्णव किलो पाणी वायरवरच निघालं! प्रेसनंतर दीड किलोच्या आसपास राहतं, आणि उरलेलं ड्रायरमध्ये वाफेच्या उष्णतेने उडवायचं. जाळीतून निसटणारे तंतू इथे मोजलेले नाहीत. एवढं वाचलं की वायर सेक्शन कशासाठी आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून यंत्राआधीच्या टाकीपर्यंत 'लगदा' आणि पाणी घालून पातळ केल्यावर 'स्टॉक', असे दोन शब्द ठेवले.

हेडबॉक्समधलं हेड म्हणजे डोकं नाही. ते पाण्याच्या उंचीमुळे येणाऱ्या दाबाचं हेड, पंपवाल्यांना माहीत असलेलं. शीर्षपेटी खोडली आणि लिहिलं : 'स्टॉक वायरच्या पूर्ण रुंदीवर सारखा सोडणारी पेटी.' ज्या फटीतून तो सुटतो ती स्लाइस. ही फट एका जागी जास्त उघडी राहिली, तर कागदात त्याच जागी जाड पट्टा येतो.

आता खरी अडचण. कॅलेंडर म्हणजे रोलची उभी चळत. कागद त्यातून दाबून जातो आणि गुळगुळीत होतो. दोन रोल जिथे टेकतात, ती निप. मी लिहिलं होतं, 'आत जाणाऱ्या चिमट्याजवळ हात नेऊ नये.' दुसऱ्या मुलाने विचारलं, "चिमटा कुठे टांगलेला असतो?" माझ्या पोटात गोळा आला. सूचना वाचून हा पोरगा भिंतीवर चिमटा शोधणार, आणि हात रोलपाशी!

मग तिसऱ्यानेच वाट दाखवली. त्याच्या काकांची रसवंती होती. तो म्हणाला, "म्हणजे चरकाचं तोंड." बरोबर तेच! उसाचं टोक लागलं की चरक तो ओढून घेतो, आपण ढकलावं लागत नाही. नवी सूचना अशी झाली : 'निप म्हणजे चरकाचं तोंड. कागद ज्या बाजूने आत ओढला जातो तिथे हात, फडकं, बाही नेऊ नका. मशीन हळू फिरत असली तरी नाही. अडकलेला कागद काढण्याआधी मशीन थांबवा, स्विच बंद करून कुलूप लावा.'

त्यानंतर आम्ही एक नियम केला. पॅनेलवर जे लिहिलेलं आहे आणि फ्लोअरवर जे ओरडलं जातं, ते शब्द तसेच ठेवायचे. मराठी वापरायची ती समजवायला. प्रत्येक पान झालं की मुलांना मशीनपाशी न्यायचं, शब्द वाचायचा आणि म्हणायचं, "दाखव." बोट चुकीच्या जागी गेलं, तर दोष पानाचा. पहिल्या फेरीत 'निप' वाचल्यावर चारपैकी एकाचंही बोट बरोबर जागी गेलं नव्हतं. चरक लिहिल्यावर चारही जणांनी लांबूनच, हात मागे ठेवून, मानेने दाखवलं.

ते पान तसंच छापायला दिलं. भेटू पुढच्या भागात.