चालू बेरजेचा रकाना

मंगरूळपीरची बाजार समिती, सोयाबीन-तुरीची आवक आणि त्यामागे चालणारी हमाली सर्वांच्या परिचयाची आहे. म्हणून आजचा टीडीएस रजिस्टरचा विषय हमालीच्या बिलांवरूनच सांगतो. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षातले आहेत.

समजा, इथल्या एका भागीदारी दालमिलने हमालीचा ठेका एका व्यक्तीला दिला आहे. एप्रिलचं बिल २८ हजार, जूनचं २७ हजार, ऑगस्टचं २९ हजार आणि ऑक्टोबरचं २६ हजार. ठेकेदारीच्या कलम १९४सी नुसार एक बिल ३० हजारांच्या वर गेलं तर कर कापायचा. इथे एकही बिल तेवढं नाही, म्हणून दिवाणजी निर्धास्त असतात.

पण त्याच कलमात दुसरी मर्यादा आहे: वर्षभराची बेरीज एक लाखाच्या वर गेली तरी कापायचा. ऑगस्टअखेर ८४ हजार झाले होते, ऑक्टोबरच्या बिलाने १ लाख १० हजार झाले. आता कर फक्त वरच्या दहा हजारांवर नाही, पूर्ण १ लाख १० हजारांवर लागतो. एक टक्क्याने ११०० रुपये, तेही ऑक्टोबरच्या २६ हजारांतूनच वळते करायचे. म्हणून रजिस्टरमध्ये बिलाच्या रकमेशेजारी प्रत्येक ठेकेदाराच्या चालू बेरजेचा रकाना हवाच. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो या बेरजेत धरायचा नाही.

दर कुठून ठरतो? पॅनचं चौथं अक्षर बघा. ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘एच’ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. त्यांना एक टक्का. ‘एफ’ म्हणजे फर्म, ‘सी’ म्हणजे कंपनी. त्यांना दोन टक्के. पॅनच दिला नाही तर वीस टक्के. सीएची फी १९४जे मध्ये जाते: वर्षाला ५० हजारांच्या वर दहा टक्के. प्रत्येक कलमाचं पान वेगळं ठेवा.

महिन्याची बेरीज करताना तारखेत घोळ होतो. बिल खात्यात जमा केल्याची आणि पैसे दिल्याची, यांतली जी तारीख आधीची, ती धरायची. हमालीचं बिल २८ ऑक्टोबरला खतावलं आणि पैसे ५ नोव्हेंबरला दिले, तरी ते ११०० ऑक्टोबरच्याच बेरजेत येतात आणि ७ नोव्हेंबरपर्यंत भरायचे असतात. फक्त मार्चच्या कपातीला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. ८ नोव्हेंबरला भरले तर दरमहा दीड टक्का व्याज, आणि अपुरा महिनाही पूर्ण धरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर असे दोन महिने, म्हणजे ३३ रुपये.

ही रक्कम किरकोळ वाटेल. पण कर कापलाच नाही, तर हमालीच्या त्या खर्चापैकी तीस टक्के, म्हणजे ३३ हजार रुपये, नफ्यातून वजा करू देत नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्यात ही कलमं ३९३ खाली एकत्र आली, त्यामुळे पानांवरचे कलमांचे क्रमांक बदला. चालू बेरजेचा रकाना मात्र तसाच ठेवा.