चार रविवार, २०० फोटो: वर्गातल्या स्टॉप मोशनचं गणित

आजचा विषय आहे स्टॉप मोशन. वस्तू थोडीशी सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. सगळे फोटो भराभर दाखवले की वस्तू आपोआप चालल्यासारखी वाटते. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी हे १९१५ मध्ये केलं होतं, ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या फिल्ममध्ये. त्यांचे कलाकार होते काडेपेटीतल्या काड्या!

आता आपलं काम. शुक्रवार पेठेतल्या बारा मुलांच्या वर्गाला फिल्म करायचीय. विषय सोलापूरचाच आहे, सिद्धेश्वर यात्रेतले सात नंदीध्वज. हाताशी चार रविवार आहेत, दर वेळी दीड तास. बहुतेक जण आधी गोष्ट लिहितात. मी सांगेन, आधी फोटो मोजा.

सेकंदाला २४ फोटो हा सिनेमाचा नेहमीचा वेग. वर्गासाठी १२ पुरतात. हालचाल थोडी तुटक दिसते, पण डोळा ती मान्य करतो, आणि मेहनत निम्मी होते. मुलांबरोबर एका फोटोला साधारण एक मिनिट धरा. दीड तासातला अर्धा तास सेट मांडण्यात आणि आवरण्यात जातो. उरले ६० मिनिटं, म्हणजे ६० फोटो, म्हणजे पाच सेकंदांची फिल्म. चार रविवारचे मिळून २० सेकंद.

आता शॉट किती घ्यायचे? कॅमेऱ्याची जागा बदलली की नवा शॉट, आणि नवा शॉट लावायला दहा मिनिटं लागतात. म्हणजे प्रत्येक जादा शॉटची किंमत दहा फोटो. एका रविवारी दोन शॉट घेतले, तर ६० ऐवजी ५० फोटो. चार रविवारचे २०० फोटो, आठ शॉट, साडेसोळा सेकंदांच्या आसपास. मी हाच हिशोब निवडेन, कारण एकाच कोनातून २० सेकंद बघायला कंटाळा येतो. शिवाय नावाची पाटी किंवा शेवटचं स्थिर दृश्य यांना नवे फोटो लागत नाहीत. एकच फोटो तीन सेकंद लांबवायचा.

यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम: एक शॉट एकाच रविवारी संपला पाहिजे. वर्गाची खोली आपली नसते. टेबल आवरलं की पुढच्या आठवड्यात तोच सेट, तोच कोन, तोच उजेड तंतोतंत जुळत नाही. शॉटच्या मध्येच फिल्म दचकते. त्यामुळे सलग ६० फोटोंपेक्षा मोठा शॉट कागदावरच कापायचा.

आता मिरवणुकीचा शॉट घेऊ. सात काठ्या प्रत्येक फोटोला वेगवेगळ्या सरकवल्या तर एका मिनिटात काम होणारच नाही. म्हणून सातही काठ्या पुठ्ठ्याच्या एकाच पट्टीवर क्लेमध्ये रोवायच्या. पट्टीखाली लोखंडी नट चिकटवले की वजन येतं, ती डुलत नाही. चौकटीबाहेर, टेबलाच्या कडेला मोजपट्टी चिकटवायची. पट्टी ४८ सेंटीमीटर न्यायचीय, वेळ चार सेकंद, म्हणजे ४८ फोटो. दर फोटोला एक सेंटीमीटर. सुरुवातीला आणि शेवटी अर्धा-अर्धा सेंटीमीटर सरकवलं तर चार-दोन फोटो वाढतील, पण मिरवणूक झटक्यानं सुटणार नाही आणि झटक्यानं थांबणारही नाही.

सेट हलू नये म्हणून रस्त्याचा कागद चारही बाजूंनी टेबलाला चिकटवा. टेबलाचे आणि ट्रायपॉडचे पाय कुठे आहेत ते फरशीवर खडूनं आखून ठेवा. फोनच्या स्क्रीनला बोट लावून फोटो काढू नका, प्रत्येक टॅपला फोन हलतो. वायरच्या इअरफोनचं आवाजाचं बटण बऱ्याच फोनमध्ये शटरचं काम करतं. पंखा बंद, खिडकी बंद, उजेड फक्त दिव्याचा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. फोटो निघताना मुलांनी ठरलेल्या जागीच उभं राहायचं, कारण पांढऱ्या शर्टाचा उजेडसुद्धा सेटवर पडतो.

दर बारा फोटोंनंतर फिल्म चालवून बघा. सगळं चित्र एकदम उडालं तर कॅमेरा हललाय. नुसता रस्ता उडाला तर कागद सुटलाय. जागा तीच, पण उजेड लुकलुकतोय, तर एक्स्पोजरचं लॉक निघालंय किंवा कुणीतरी दिव्यासमोर आलंय. तिथेच कळलं तर फार तर बारा फोटो पुन्हा काढायचे. घरी गेल्यावर कळलं, तर अख्खा शॉट पुन्हा, आणि पाचवा रविवार आपल्याकडे नाहीये.

तर आधी हा हिशोब वहीत मांडा, मग गोष्ट लिहा. भेटू पुढच्या भागात!